बक्षीसपत्रातली न लिहिलेली अट

महाराष्ट्रात आई-वडिलांनी राहतं घर मुलाच्या किंवा मुलीच्या नावे बक्षीस करून द्यायचं ठरवलं, तर मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये पडतं. त्यावर नोंदणीचा किरकोळ खर्च आणि काही शहरांत स्थानिक अधिभार. दुय्यम निबंधक कार्यालयात दोन साक्षीदार घेऊन गेलं की काम एका फेरीत उरकतं. मृत्युपत्र केलं तर पुढे प्रोबेट लागेल का, भावंडं भांडतील का, त्यापेक्षा हयातीतच देऊन टाकलेलं बरं, असा विचार करून दरवर्षी असंख्य घरं अशी नावावर होतात. बहुतेक घरांत पुढे काही बिघडतही नाही.

जिथे बिघडतं तिथे ते हळूहळू बिघडतं. आधी आईची खोली बदलते. मग औषधं आणायला कुणाला सवड मिळत नाही. मग ‘थोडे दिवस ताईकडे राहून ये’ असं सांगितलं जातं आणि परत आल्यावर दाराचं कुलूप बदललेलं असतं. अशा वेळी आई-वडील पहिला प्रश्न विचारतात तो हा, की दिलेलं घर परत घेता येतं का?

घेता येतं. मात्र ते किती सहज परत मिळेल, हे बहुतांशी बक्षीसपत्र करतानाच्या एका परिच्छेदावर ठरतं, आणि नेमका तो परिच्छेद आपल्याकडच्या बक्षीसपत्रांत सहसा नसतो. तो का हवा, नसेल तर काय होतं आणि तरीही कोणते रस्ते उरतात, हे प्रत्येक घरातल्या मोठ्या माणसांनी सही करण्याआधी समजून घ्यायला हवं.

एकदा दिलं की दिलं

मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 सालचा आहे. त्याच्या दृष्टीने बक्षीस म्हणजे मोबदला न घेता, स्वखुशीने दिलेली आणि घेणाऱ्याने स्वीकारलेली मालमत्ता. स्थावर मालमत्तेच्या बक्षीसपत्रावर देणाऱ्याची सही लागते, किमान दोन साक्षीदार लागतात आणि त्याची नोंदणी करावीच लागते. एवढं झालं की मालकी बदलली. मग देणाऱ्याला ‘माझा विचार बदलला’ असं म्हणता येत नाही.

इथेच पुष्कळ जणांची फसगत होते. मुलगा वागेनासा झाला की कुणीतरी सल्ला देतं, ‘जाऊन रद्दपत्र नोंदवून टाका.’ देणाऱ्याने एकट्याने केलेल्या अशा रद्दपत्राने पूर्ण झालेलं बक्षीस मोडत नाही. पैसे जातात, कागद वाढतो आणि घर मुलाच्याच नावावर राहतं.

बक्षीस मागे घेण्याची सोय याच कायद्याच्या कलम 126 मध्ये आहे, पण ती मोजक्या प्रसंगांपुरती. देणारा आणि घेणारा या दोघांनी आधीच ठरवलेलं असेल की अमुक एक घटना घडली तर बक्षीस रद्द होईल, तर तसं होऊ शकतं. ती घटना देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसावी, एवढं मात्र पाहिलं जातं. ‘मला वाटेल तेव्हा मी घर परत घेईन’ अशी अट कायद्याला मान्य नाही, आणि तसं लिहिलं तर बक्षीसच निरर्थक ठरू शकतं. ‘मुलाने सांभाळ केला नाही तर बक्षीस रद्द होईल’ ही अट वेगळी आहे, कारण सांभाळ करणं न करणं मुलाच्या हातात आहे, देणाऱ्याच्या नव्हे. दुसरा प्रसंग म्हणजे फसवणूक, दबाव किंवा धाक दाखवून सही घेतली असेल तो. यांपैकी कोणत्याही कारणासाठी दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करून मागायचा, तर कारण कळल्यापासून 3 वर्षांची मुदत असते.

दिवाणी दावा म्हणजे तारखा, वकील आणि वर्षं. पंचाहत्तरीच्या माणसाला हा रस्ता फार लांबचा आहे. म्हणून 2007 मध्ये संसदेने दुसरा, जवळचा रस्ता काढला.

प्रांताधिकाऱ्यांच्या दारातला रस्ता

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007 हा तो कायदा. मुलांकडून महिन्याची पोटगी मिळवून देणारा कायदा म्हणून तो लोकांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात तो 2009 मध्ये लागू झाला आणि त्याचे राज्याचे नियम 2010 मध्ये आले. त्याच्या कलम 23 मध्ये घराचा विषय आहे.

ते कलम साध्या भाषेत असं सांगतं. साठ वर्षं पूर्ण केलेल्या व्यक्तीने, हा कायदा लागू झाल्यानंतर, बक्षीस म्हणून किंवा आणखी कोणत्या प्रकारे आपली मालमत्ता दुसऱ्याला दिली. देताना अट अशी होती की घेणारा तिच्या मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजा पुरवील. घेणाऱ्याने त्या पुरवायला नकार दिला किंवा कसूर केली. असं झालं, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झालं असं कायदा गृहीत धरतो, आणि देणाऱ्याची इच्छा असेल तर न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवतं.

यात तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे सही घेताना मुलाच्या मनात कपट होतं हे आईला सिद्ध करावं लागत नाही. अट होती आणि ती मोडली, एवढं दाखवलं की पुरे. दुसरी म्हणजे ‘बक्षीस म्हणून किंवा अन्य प्रकारे’ या शब्दांत हक्कसोडपत्रही येतं. आपल्याकडे वडील गेल्यावर आई आपला हिस्सा हक्कसोडपत्राने मुलाला सोडून देते, तिथेही हे कलम लावता येतं. तिसरी म्हणजे हे न्यायाधिकरण उपविभागीय अधिकारी किंवा त्यांच्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे चालतं. आपण ज्यांना प्रांत म्हणतो त्यांच्याकडे. जिल्हा न्यायालयात जावं लागत नाही, अर्ज स्वतः करता येतो. अर्जदार अंथरुणाला खिळलेला असेल तर त्याच्या वतीने ज्येष्ठांसाठी काम करणारी संस्थाही हा हक्क बजावू शकते.

पण सगळा भार एका शब्दावर आहे. तो शब्द म्हणजे अट.

गुरुग्रामचा निकाल, छत्तरपूरचा निकाल

ही अट किती स्पष्ट असावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून उमगतं. दोन्ही ठिकाणी आई विरुद्ध मूल असाच सामना होता आणि निकाल मात्र उलट लागले.

पहिला निकाल 6 डिसेंबर 2022 चा, न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाचा. हरियाणात गुरुग्रामला एका आईने 2014 मध्ये आपला हिस्सा अपत्यांच्या नावे सोडून दिला होता. पुढे तिथल्या न्यायाधिकरणाने तो दस्त रद्द केला आणि उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो आदेश फिरवला. कारण सांभाळाच्या अटीवर हिस्सा सोडला, असं आईच्या अर्जात म्हटलेलंच नव्हतं, मग ते सिद्ध होणं दूरच राहिलं. आई-वडील मुलांना देतात ते पुष्कळदा निव्वळ मायेपोटी, परतफेडीची अपेक्षा न ठेवता देतात. म्हणून दिलं त्या अर्थी सांभाळाची अट होतीच, असं आपोआप मानता येणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. अट होती हे न्यायाधिकरणापुढे दाखवावंच लागेल.

दुसरा निकाल 2 जानेवारी 2025 चा, न्यायमूर्ती सी. टी. रविकुमार आणि न्यायमूर्ती संजय करोल यांचा. हा खटला मध्य प्रदेशातल्या छत्तरपूरचा. आईने 1968 मध्ये घेतलेली मालमत्ता सप्टेंबर 2019 मध्ये मुलाला बक्षीस दिली. मुलगा आपला सांभाळ करतो आणि सगळं पाहतो, असा उल्लेख बक्षीसपत्रात होता. त्याच दिवशी आणखी एक कागद झाला, वचनपत्र. आई-वडिलांची अखेरपर्यंत सेवा करीन आणि तसं केलं नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घ्यायला आई मोकळी राहील, अशा आशयाचा मजकूर त्यात होता. वर्षभरातच संबंध फाटले. आणखी मालमत्तेसाठी मुलाने आपल्यावर हात टाकला, असा आईचा आरोप होता. डिसेंबर 2020 मध्ये तिने न्यायाधिकरणाकडे अर्ज केला.

न्यायाधिकरणाने बक्षीसपत्र रद्द केलं. जिल्हाधिकाऱ्यांनी ते कायम केलं. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीही कायम केलं. मग मुलगा उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे गेला आणि तिथे पारडं फिरलं. खुद्द बक्षीसपत्रात तशी अट लिहिलेली नाही, म्हणून कलम 23 लागत नाही, असं खंडपीठाने ठरवलं. ते वचनपत्र बनावट आहे, असं मुलाचं म्हणणं होतं.

सर्वोच्च न्यायालयाने आईच्या बाजूने निकाल दिला. हा कायदा वृद्धांच्या भल्यासाठी केलेला आहे, म्हणून त्याचा अर्थ लावताना शब्दाला चिकटून न राहता हेतूकडे पाहायला हवं. एकाच दिवशी झालेले दोन कागद एकत्र वाचले की सांभाळाची अट दिसते आणि ती पाळली गेली नाही हेही दिसतं. न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द केलं आणि 28 फेब्रुवारी 2025 पर्यंत ताबा आईला देण्याचा आदेश दिला. याच निकालात आणखी एक कळीचा प्रश्न सुटला. न्यायाधिकरणाला केवळ दस्त रद्द करण्याचा नाही, तर घराचा ताबा परत देवविण्याचाही अधिकार आहे, असं न्यायालयाने सांगितलं. नाव परत आलं आणि घरात मात्र मुलगाच बसून राहिला, तर आईच्या हाती काय लागणार?

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की मधली रेषा दिसते. गुरुग्रामच्या आईकडे अटीचा मागमूस नव्हता. छत्तरपूरच्या आईकडे त्याच दिवशीचा एक वेगळा कागद होता. त्या कागदाने तिला तारलं, पण त्यासाठी तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, अर्जापासून निकालापर्यंत चार वर्षं. तीच दोन वाक्यं बक्षीसपत्रात असती, तर खंडपीठाला जो मुद्दा सापडला तो सापडलाच नसता.

अट लिहिलेली नसताना ती अध्याहृत धरावी का, यावर उच्च न्यायालयांची मतं जुळत नाहीत. अट दस्तातच स्पष्ट हवी, असं केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2020 मध्ये म्हटलं. आई मुलाला माया म्हणून घर देते तेव्हा सांभाळाची अपेक्षा त्यात असतेच, असं मद्रास उच्च न्यायालयाने 2025 मध्ये मानलं. मुंबई उच्च न्यायालयापुढे 2018 मध्ये अंधेरीच्या एका वडिलांचं प्रकरण आलं होतं. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी दुसरं लग्न केलं आणि फ्लॅटचा अर्धा हिस्सा मुलाला दिला. मुलगा-सून वडिलांना सांभाळायला तयार होते, त्यांच्या दुसऱ्या पत्नीला नव्हते. दोघांनाही सांभाळायचं हे त्या देण्यामागे गृहीतच होतं, असं मानून न्यायालयाने बक्षीस रद्द करणारा आदेश कायम केला. म्हणजे न लिहिलेली अटही कधी कधी मान्य होते. पण आपलं प्रकरण कोणापुढे जाईल आणि ते कसं वाचतील, यावर म्हातारपणाचं छप्पर सोडून द्यायचं का?

अर्ज केल्यावर काय होतं

एक कल्पित उदाहरण घेऊन ही वाट चालून पाहू. नाशिकच्या एका 72 वर्षांच्या आजींनी 2021 मध्ये आपला फ्लॅट मुलाला बक्षीस दिला. दस्तात सांभाळाची अट आहे. दोन वर्षं बरी गेली. नंतर मुलाने औषधपाण्याचा खर्च बंद केला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लेकीने केली आणि दिवाळीनंतर आजींना लेकीकडेच राहावं लागलं.

आजींनी आधी कागद गोळा करायचे. वयाचा पुरावा, नोंदणीकृत बक्षीसपत्राची प्रत, सूची क्रमांक दोनचा उतारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे त्याची माहिती. त्यानंतर दुर्लक्षाचे पुरावे. इथे सगळ्यात जास्त चूक होते. लोक अर्जात ‘मुलगा मला त्रास देतो, सून उलट बोलते’ एवढंच लिहितात. कलम विचारतं ते वेगळं, की मूलभूत सोयी आणि गरजा पुरवल्या का? म्हणून अर्ज गरजांच्या अंगाने लिहायचा. राहायला जागा कोणत्या तारखेपासून नाही. जेवण कोण देतं. दवाखान्याची बिलं कोणी भरली, त्यांच्या पावत्या. बँकेच्या पासबुकात मुलाकडून शेवटचा पैसा कधी आला. मोबाइलवरचे निरोप. पोलीस ठाण्यात तक्रार दिली असेल तर तिची नोंद. शेजाऱ्यांपैकी किंवा सोसायटीतल्या कोणाचं निवेदन. आणि गुरुग्रामचं उदाहरण लक्षात ठेवून एक वाक्य ठळकपणे लिहायलाच हवं: हा फ्लॅट माझा सांभाळ करण्याच्या अटीवर दिला होता, ती अट दस्ताच्या अमुक परिच्छेदात आहे.

हा अर्ज आजी जिथे राहतात किंवा राहत होत्या तिथल्या प्रांताधिकाऱ्यांकडे जातो. त्यात दोन मागण्या करता येतात, बक्षीसपत्र रद्द करून ताबा द्यावा आणि तोपर्यंत दरमहा निर्वाहखर्च द्यावा. कायद्याने ही निर्वाहाची रक्कम महिना 10,000 रुपयांपर्यंत ठरते. निर्वाहाच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत व्हावा अशी अपेक्षा आहे, अपवाद म्हणून आणखी 30 दिवस मिळतात. घर विकायला काढल्याची कुणकुण असेल, तर निकाल लागेपर्यंत व्यवहाराला मनाई मागायला विसरू नये.

नोटीस गेल्यावर मुलाचं उत्तर येतं. ती उत्तरं बहुधा ठरलेली असतात. आई स्वतःच घर सोडून गेली. मी पैसे पाठवायला तयार आहे. हे सगळं बहीण करवते आहे. शेवटचं उत्तर न्यायाधिकरण नीट तपासतं, आणि ते बरोबरच आहे. कारण काही प्रकरणांत खरं भांडण भावंडांचं असतं आणि म्हाताऱ्या आईला पुढे केलेलं असतं. हस्तांतरण रद्द करायचं की नाही, ही निवड कायद्याने देणाऱ्याची ठेवली आहे. म्हणून आजींनी सुनावणीला शक्य असेल तर स्वतः हजर राहून आपल्या तोंडाने सांगावं, हे सर्वांत परिणामकारक ठरतं. मुलाने तडजोड देऊ केली तर ती तोंडी ठेवू नये. कोणत्या खोलीत राहायचं, औषधांचा खर्च कोण आणि किती देणार, हे लिहून आदेशात आणावं.

न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध 60 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. मुलगा उच्च न्यायालयातही जाऊ शकतो. आदेश आजींच्या बाजूने लागला आणि टिकला, की त्याची प्रत घेऊन दुय्यम निबंधक कार्यालय, सोसायटी, घर असेल तर सिटी सर्व्हे किंवा तलाठी कार्यालय, आणि महापालिकेचा कर विभाग या सगळ्या ठिकाणी नाव परत फिरवून घ्यावं लागतं. हे काम मागे ठेवलं तर कागदोपत्री घर मुलाचंच दिसत राहतं आणि त्यावर कर्ज निघू शकतं.

जिथे हा रस्ता अडतो

कायद्याच्या मर्यादाही समजून घ्यायला हव्यात. 2009 च्या आधी केलेल्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात कलम 23 लागत नाही. तिथे दिवाणी दावा आणि निर्वाहखर्चाचा अर्ज एवढेच मार्ग राहतात.

मुलाने घर तिसऱ्याला विकलं असेल आणि घेणाऱ्याने पूर्ण किंमत मोजून, अटीची कल्पना नसताना ते घेतलं असेल, तर ते परत मिळवणं फार अवघड जातं. अट नोंदणीकृत दस्तातच असेल, तर कागद तपासणाऱ्या कोणत्याही खरेदीदाराला ती दिसते आणि ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव त्याला उरत नाही. घर बाजारात जाण्यापासून ती अट अशी वाचवते.

सून त्या घरात राहत असेल आणि नवरा-बायकोचा वाद चालू असेल, तर आणखी एक गुंता होतो. सासू-सासऱ्यांनी या कायद्याचा आधार घेऊन सुनेला बाहेर काढावं आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा तिचा राहण्याचा हक्क आपोआप संपावा, असं होणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सांगितलं. दोन्ही कायदे दुबळ्याच्या रक्षणासाठी आहेत, दोन्ही हक्कांचा मेळ घालावा लागतो.

आणि घर वडिलांच्या एकट्याच्या नावावर असेल तेव्हा आईचा विचार आधी करायला हवा. कलम 23 ‘देणाऱ्याच्या’ गरजांबद्दल बोलतं. वडिलांनी घर दिलं आणि ते गेले, तर आई ही देणारी नसते. म्हणून असं बक्षीसपत्र करताना तिचा त्या घरात हयातभर राहण्याचा हक्क आणि तिचा सांभाळ या दोन्ही गोष्टी तिचं नाव घालून लिहून घ्याव्यात.

तो परिच्छेद

अटीची भाषा अवघड नाही. दस्तलेखकाला किंवा वकिलाला या धाटणीचा मजकूर घालायला सांगता येईल:

‘सदर मिळकतीचे बक्षीस, लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचा त्यांच्या हयातीपर्यंत सांभाळ करावा, म्हणजे त्यांना सदर घरात राहण्यास जागा, अन्न, वस्त्र, औषधोपचार व आजारपणातील देखभाल पुरवावी, या अटीवर दिलेले आहे. सदर अट लिहून घेणार यांनी मान्य केलेली आहे. वरील गोष्टी पुरविण्यास लिहून घेणार यांनी नकार दिल्यास अगर कसूर केल्यास सदर बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा व मिळकतीचा ताबा परत मिळविण्याचा हक्क लिहून देणार यांस राहील.’

यात प्रत्येक भागाला काम आहे. ‘अटीवर’ या शब्दाने कलम 23 ची पायरी गाठली जाते. गरजांची यादी असल्याने पुढे ‘सांभाळ म्हणजे काय’ यावर वाद होत नाही. मुलाने मान्य केल्याचा उल्लेख आणि खाली त्याची सही, यामुळे कलम 126 ला हवी असलेली दोघांची संमती दिसते. रद्द होण्याचं कारण मुलाच्या वागण्याला बांधलेलं आहे, आईच्या मर्जीला नाही. ‘प्रेमापोटी आणि आपुलकीपोटी’ हे नेहमीचं वाक्यही दस्तात राहू द्यावं, फक्त ते एकटं नसावं.

अट घातली तर मुलाला काय वाटेल, या संकोचाने पुष्कळ आई-वडील गप्प बसतात. पण ज्याला सांभाळायचंच आहे त्याचं या अटीने काहीही जात नाही, आणि तो परिच्छेद वाचून जो सही करायला कचरतो, त्याच्याबद्दल घर देण्याआधीच कळलेलं बरं. मन तयार होत नसेल तर मृत्युपत्र करावं. ते अखेरपर्यंत बदलता येतं आणि तोवर घर आपल्याच नावावर राहतं.

ज्यांनी अट न घालता आधीच देऊन टाकलं आहे, त्यांनी संबंध चांगले आहेत तोवर मुलाकडून सांभाळाची हमी आणि ती मोडल्यास काय होईल, हे लेखी घ्यावं. ते त्याच दिवशीच्या कागदाइतकं भक्कम नसेल, पण देताना मनात काय होतं याचा पुरावा म्हणून काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरं. संबंध बिघडले असतील, तर त्या दिवसांतली पत्रं, निरोप, घर देताना हजर असलेल्या नातेवाइकांची निवेदनं यांतून अट उभी करता येते का, ते पाहावं. महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि ज्येष्ठांसाठी 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. घर परत मिळो न मिळो, निर्वाहखर्चाचा हक्क बक्षीसपत्रात अट नसली तरी शाबूत असतो. तेव्हा 200 रुपयांचा मुद्रांक घ्यायला जाल, त्या दिवशी दस्ताचा मसुदा घरी आणून सगळा वाचा, आणि सांभाळाचा परिच्छेद त्यात सापडला नाही तर तो येईपर्यंत सही करू नका.